मदत हवी आहे: "तू फारच हळवी आहेस" याला उत्तर काय द्यायचं?

भुसावळची_सून: लग्नाला सहा वर्षं झाली. मागच्या रविवारी यावलकडे दिरांच्या शेतात भरीत पार्टी होती. पंधरा माणसांत हे म्हणाले, "हिला पगार मिळतो, पण हिशेब कशाचाच येत नाही." सगळे हसले. रात्री मी म्हटलं, मला वाईट वाटलं. तर नेहमीचंच, "तू भलती हळवी शे, मस्करी बी समजत नही तुले." मग मी हळवी आहे की नाही यावरच तासभर भांडण झालं आणि शेवटी माफी मीच मागितली. दर वेळी असंच होतं. व्यसन नाही, मारहाण नाही, त्यामुळे माहेरी कोणी मनावर घेत नाही. त्या क्षणी नेमकं काय बोलावं?

केळीबाग: आठ दिवस अबोला धरा. आमच्याकडे लागू पडलं.

तापीकाठ: कुटुंब समुपदेशनात बरीच वर्षं काम करते. अबोल्यानं माणूस नरमतो, पण नेमकं काय चुकलं ते त्याला कळत नाही. ताई, विषय त्यांच्या वाक्याचा होता, तो तुमच्या स्वभावावर गेला. "मी हळवी नाही" हे सिद्ध करायला गेलात की त्यातच अडकता. तो शब्द खोडूच नका. म्हणा, "असेन हळवी. पण चारचौघांत माझ्या हिशेबावर बोललात ते मला लागलं. लोकांसमोर ते नको." एवढंच. जुने प्रसंग काढू नका. आणि रात्री दमलेले असताना नको, सुट्टीच्या सकाळी बोला.

धुळेकर_७८: माझी बायको मलाच असं म्हणते. आई आजारी असताना रडलो तर "बायकांसारखं काय करता" म्हणाली. पुरुषानं कुणाला सांगायचं?

तापीकाठ: दादा, तिलाच सांगा, याच पद्धतीनं. ते वाक्य लागलं, हे सांगायला पुरुषालाही हरकत नाही.

भुसावळची_सून: आज सकाळी बोलले. हे म्हणाले, "मग मी तोंडच उघडू नको का?" मला पुढे सुचलंच नाही.

तापीकाठ: "उघडा की, फक्त माझा हिशेब लोकांसमोर काढू नका," असं म्हणून थांबायचं. आता त्यांचं वागणं बघा. बोलता बोलता स्वतःच थांबले, तर ऐकलं गेलंय. पण "मी असं बोललोच नव्हतो" म्हणू लागले, किंवा मुद्दाम लोकांत "आता हिला विचारून बोलावं लागतं" असं सुरू झालं, तर ही नुसती बेफिकिरी नाही. एक विचारते, बोलण्याआधी तुम्हाला भीती वाटते का? वाटत असेल तर एकटीनं निभावू नका. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो.

केळीबाग: एवढ्याशा गोष्टीला लगेच कायदा कशाला?

भुसावळची_सून: भीती नाही वाटत. पण काय बोलायचं ते आधी मनात दहादा घोळवते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पुढच्या महिन्यात चुलत नणंदेचं लग्न आहे, सगळे तेच लोक असतील. त्यानंतर लिहिते.