मदत हवी आहे: भात सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी वजन का वाढले?

कृष्णाकाठ, सांगली: नमस्कार. वजन उतरवण्यासाठी मी दीड महिन्यापूर्वी दुपारचा भात बंद करून जतहून आणलेल्या शाळूच्या दोन भाकरी सुरू केल्या. व्यायाम, भाजी, आमटी आणि रात्रीचे जेवण पूर्वीसारखेच आहे. संध्याकाळची भूक खरोखरच कमी झाली, परंतु वजन अर्धा किलो वाढले. ज्वारीत उष्मांक कमी असतात ना?

माणदेशी: ज्वारीची साखर रक्तात सावकाश उतरते, त्यामुळे चरबी साठत नाही. धीर धरावा.

आहारशास्त्राची शिक्षिका: पूर्वीचे तांदूळ आणि आताचे पीठ, दोन्ही कोरडे मोजून सांगाल का?

कृष्णाकाठ: आज मोजले. तांदूळ ७५ ग्रॅम घेत होतो. आईच्या हातची भाकरी थोराड असते, एकीला ७० ग्रॅम पीठ लागते. वर एक चमचा तूप घेतो.

आहारशास्त्राची शिक्षिका: मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात आणि ज्वारीतही जवळपास तेवढेच; बाजरीतही फारसा फरक नाही. म्हणजे भाताचे साधारण २६० होत होते, दोन भाकरींचे तुपासह ५०० च्या वर जातात. शिजलेल्या भातात दोन तृतीयांश पाणी असल्याने ताट भरलेले दिसते, भाकरीत पाणी त्याहून बरेच कमी राहते, म्हणून डोळ्यांचा अंदाज चुकतो. ज्वारीत तंतू पांढऱ्या तांदळाच्या तिपटीहून अधिक असतात आणि भाकरी चावावीही लागते, त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते हे खरे. पण तुम्ही धान्यही जवळजवळ दुप्पट खात आहात, तेव्हा ही तृप्ती ज्वारीची किती आणि प्रमाणाची किती, हे आज सांगता येणार नाही. दोन आठवडे ७५ ग्रॅम पिठाची एकच भाकरी, सोबत वाटीभर उसळ आणि काकडी, असे करून पाहा. माणदेशी, साखर सावकाश उतरते हे बरोबर, तरी जादा उष्मांक साठतातच.

वाईकर: माझ्या वडिलांना मधुमेह आहे. ते भाताऐवजी नाचणीची आंबील घेतात, पण तासाभरात पुन्हा भूक लागते. नाचणी त्यांना सोसत नसेल का?

आहारशास्त्राची शिक्षिका: वाटीभर आंबिलीत पीठ दीड-दोन चमचेच असते, बाकी पाणी. दोष नाचणीचा नसून प्रमाणाचा वाटतो. मात्र ते गोळ्या घेत असतील, तर जेवणातला बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

माणदेशी: मग तेवढाच भात खाल्ला तर काय बिघडते?

आहारशास्त्राची शिक्षिका: उष्मांकांच्या हिशेबात काहीच नाही. भूक आवरत असेल, तर भातही चालेल.

कृष्णाकाठ: चार दिवस एकच भाकरी खाल्ली. मटकीच्या उसळीच्या दोन्ही दिवशी सहापर्यंत भूक लागली नाही, वांग्याच्या भाजीच्या दोन्ही दिवशी पाचलाच लागली. आता तीच उसळ ७५ ग्रॅम तांदळाच्या भाताबरोबर खाऊन पाहतो आणि इथे कळवतो.