विहिरीत उतरलेला डॉक्टर: वाचवणाऱ्याच्या जखमेचा भार कोणी उचलायचा?

कुतूहल
दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे एखाद्याचा जीव धोक्यात आला आणि त्याला वाचवताना मी जखमी झालो, तर हलगर्जीपणा करणाऱ्याकडे मला भरपाई मागता येते का? मला जायला कोणीच सांगितले नव्हते, मी आपणहून गेलो, म्हणून शंका आहे.

शंकासुर
माझ्या मते मागता येऊ नये. धोका समोर दिसत असताना जो उघड्या डोळ्यांनी त्यात शिरतो, त्याने तो धोका पत्करलेलाच असतो. त्याच्या धैर्याचा सत्कार जरूर करावा, पण सत्कार आणि दिवाणी दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलगर्जीपणा करणाऱ्याने ज्याला धोक्यात घातले त्याचे देणे द्यावे, हे मला पटते; परंतु त्यानंतर कोण कोण धावून येईल आणि प्रत्येकाला किती लागेल याचा हिशेबही त्याच्याच माथी मारायचा असेल, तर त्याच्या जबाबदारीला तळच उरणार नाही.

जुनी फाईल
शंकासुर यांनी मांडलेला युक्तिवाद इंग्लंडमध्ये एका कंत्राटदार कंपनीने जवळजवळ याच शब्दांत मांडला होता आणि ती हरली. बेकर विरुद्ध हॉपकिन्स हा तो खटला. त्याचा अपिलाचा निकाल १९५९ सालचा आहे. हा खटला जरा सावकाश सांगतो, कारण या प्रश्नाची बरीचशी उत्तरे त्याच्या तपशिलातच आहेत.

एका शेतातली विहीर साफ करायची होती. पाणी उपसण्यासाठी कंपनीने विहिरीच्या आतच फळ्यांचा माचा बांधला आणि त्यावर पेट्रोलवर चालणारे इंजिन ठेवून पंप सुरू केला. मूळ चूक इथे झाली. असे इंजिन बंदिस्त जागेत चालले की त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचत जातो, आणि त्या वायूला स्वतःचा रंग किंवा वास नसल्यामुळे धूर विरल्यावर विहीर निर्धोक झाली असे वाटते, पण ती निर्धोक झालेली नसते. कंपनीच्या मालकाने कामगारांना आपण येईपर्यंत खाली उतरू नका असे बजावले होते, मात्र आत प्राणघातक वायू आहे हे त्यांना नीट समजेल अशा रीतीने सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक येण्यापूर्वीच एक कामगार खाली उतरला आणि कोसळला. त्याच्या पाठोपाठ उतरलेला दुसरा कामगारही कोसळला.

डॉक्टरला बोलावणे गेले. अग्निशामक दलालाही कळवले होते आणि ते येईपर्यंत थांबा, असे वर जमलेल्यांनी डॉक्टरला सांगितले. पण खालची माणसे कदाचित अजून जिवंत असतील, या विचाराने त्याने कमरेला दोर बांधला, दुसरे टोक वरच्या माणसांच्या हाती दिले आणि तो उतरला. थोड्याच वेळात त्यालाही वायूची बाधा झाली. वरच्यांनी दोर ओढायला सुरुवात केली, तर तो विहिरीतल्या नळाला अडकला. दोर हातात, माणूस खाली, आणि वर काही घेता येत नाही, अशा अवस्थेत मदत येईपर्यंत वेळ गेला. तिघेही दगावले.

डॉक्टरच्या वारसांनी दावा केल्यावर कंपनीचे म्हणणे असे होते की, डॉक्टरने धोका स्वेच्छेने पत्करला, त्याच्या स्वतंत्र निर्णयामुळे आमची चूक आणि त्याचा मृत्यू यांच्यातला दुवा तुटला, आणि काहीच नाही तरी त्याने अविचार केला म्हणून रक्कम कमी व्हावी. तिन्ही मुद्दे फेटाळले गेले. विहिरीत माणसे गुदमरली तर कोणीतरी त्यांना काढायला उतरणार, हे कंपनीला आधीच दिसायला हवे होते. जे घडणे अपेक्षितच होते, ते घडल्याने दुवा तुटत नाही. संमतीबद्दल सांगायचे तर, ज्याच्यापुढे दोनच वाटा आहेत, एक तर डोळ्यांदेखत माणसे मरू देणे किंवा स्वतः उतरणे, त्याने कंपनीला तिच्या चुकीची माफी लिहून दिली असा अर्थ काढणे मला तरी निर्दयपणाचे वाटते.

अर्धविराम
उत्तम. म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. तो डॉक्टर होता, जाणे हे त्याचे व्यावसायिक कर्तव्य होते, म्हणून त्याच्या वारसांना भरपाई मिळाली. आणि वाचवायला जाणाऱ्याला भरपाई नेहमी मिळते.

जुनी फाईल
दोन्हींत सुधारणा लागेल. कर्तव्यामुळे दावा बळकट होतो हे खरे, पण तो कर्तव्यावर उभा नाही. न्यूयॉर्कमधल्या १९२१ सालच्या वॅग्नर खटल्यात दारे उघडी ठेवून चालवलेल्या गाडीतून एक प्रवासी पुलाजवळ बाहेर फेकला गेला. त्याचा चुलतभाऊ अंधारात पुलावर त्याला शोधायला गेला आणि खाली पडला. तो ना पोलीस होता ना डॉक्टर. तो क्षणाच्या आवेगात धावला नव्हता, गाडी थांबल्यावर विचार करून चालत गेला होता, असा आक्षेप घेतला गेला. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी तो मानला नाही. संकट हेच मदतीला बोलावते, मग ती मदत उडी मारून केलेली असो वा विचार करून, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे.

आणि ‘नेहमी’ हा शब्द तर सोडूनच द्यावा. इंग्लंडमध्येच १९३३ साली कटलर नावाच्या माणसाचा दावा फेटाळला गेला. गाडीचा घोडा उधळून एका शेतात शिरला होता आणि गाडीवान त्याला शांत करत मदतीसाठी हाका मारत होता. कटलर कुंपण ओलांडून आत गेला, त्याने घोडा धरला आणि तो जखमी झाला. त्या क्षणी कोणाच्याही जिवाला धोका नव्हता, म्हणून तो हरला. दोनच वर्षांनी, रस्त्यावर बेवारस सोडलेले घोडे उधळल्यावर, वाटेतली बाई आणि मुले वाचावीत म्हणून ते थोपवणारा पोलीस मात्र जिंकला. घोडे दोन्हीकडे उधळलेलेच होते. फरक एवढाच की, एका ठिकाणी धोका चालू होता आणि दुसरीकडे तो ओसरला होता.

बघ्या
मग विहिरीवर उभे राहून नुसते पाहणाऱ्यांवर गुन्हा का दाखल झाला नाही? खरे दोषी तर ते.

जुनी फाईल
हा प्रश्न वेगळा आहे. जर्मनी आणि फ्रान्समध्ये संकटातल्या माणसाला शक्य असलेली मदत न करणे हा गुन्हा ठरू शकतो. इंग्लंडच्या कायद्यात अनोळखी माणसावर तसे सर्वसाधारण बंधन नाही. शिवाय ते नुसते पाहत नव्हते, त्यांच्या हातात दोर होता.

खांदेपालट
माझे नाव थट्टेचे वाटेल, पण ते घेण्यामागे कारण आहे. कठडा नसलेल्या गच्चीवर माझा मित्र फोटोसाठी मागे मागे सरकत गेला. आम्ही दोनदा ओरडलो, तो हसत राहिला. शेवटी पाय सुटताना मी त्याचा हात धरला. तो वाचला, पण माझा उजवा खांदा निखळला आणि दोन शस्त्रक्रियांनंतरही हात खांद्याच्या वर जात नाही. मित्राला खर्चाबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, “तुला कोणी सांगितले होते धरायला?” इथे तिसरा कोणी नाहीच. ज्याने धोका निर्माण केला, तोच धोक्यात होता. मग मी कोणाकडे मागायचे?

जुनी फाईल
त्याच्याकडेच. १९८१ सालच्या हॅरिसन खटल्यात एक माणूस सुटलेली रेल्वेगाडी पकडू पाहत होता आणि तिला लटकला. त्याला वाचवताना गार्ड जखमी झाला. स्वतःच्या जिवाची काळजी न घेणाऱ्याला, आपल्याला वाचवायला कोणीतरी येईल हे कळायला हवे, म्हणून वाचवणाऱ्याचे देणे तो लागतो, असे न्यायालयाने ठरवले. मात्र गार्डला वेग कमी करण्यासाठी ब्रेक लावता आला असता, तो त्याने लावला नाही, म्हणून त्याची रक्कम २० टक्क्यांनी कमी झाली. वाचवणाऱ्याची चूक न्यायालये सहसा कठोरपणे मोजत नाहीत, कारण त्याच्याकडे विचाराला सेकंदच असतात. पण ती मोजलीच जात नाही असेही नाही.

तुमच्या बाबतीत तो किती कडेला होता, तुम्ही कुठे उभे होता आणि ओरडण्याखेरीज दुसरा उपाय होता का, यावर सारे ठरेल. ज्यांनी तुमची हाक ऐकली त्यांच्याकडून ते आताच लिहून घ्या, कारण वर्षभरात सगळ्यांना फक्त “तो वाचला” एवढेच आठवेल. आणि तुमच्याकडे दाव्याची मुदत किती आहे ते आधी विचारा, मैत्रीचे नंतर पाहू.

शंकासुर
डॉक्टरच्या खटल्यापुरता मी मागे हटतो. पण १९८१ सालच्याच क्रॉस्ले खटल्याचे काय? लॉरीच्या ताडपत्रीने पेट घेतला होता. रस्त्यावरच्या मदत-पथकाचा एक कर्मचारी अग्निशामक नळकांडे घेऊन तिकडे धावला आणि वाटेतल्या, गवताने झाकलेल्या खड्ड्यात पाय अडकून पडला. तो हरला. लॉरीवाल्याची चूक होती, मदत अपेक्षित होती, तो धावलाही मदतीसाठीच. तरी न्यायालय म्हणाले की, आगीपर्यंत पोहोचण्याआधी अशा रीतीने लागणे हे लॉरीवाल्याला आधी दिसण्यासारखे नव्हते. मग वॅग्नर खटल्यातला चुलतभाऊही अंधारात चालतानाच पडला ना?

जुनी फाईल
हा निकाल मला कधीच पटलेला नाही. धावणारा माणूस खड्डा पाहत नाही, हे आग लावणाऱ्यालाही ठाऊक असते. बचावात एवढेच म्हणता येईल की, पुलाचा धोका हा त्या अपघाताच्याच जागेचा भाग होता आणि खड्डा मात्र आगीशी असंबद्ध होता. पण विहिरीतला नळ तरी वायूशी कुठे संबद्ध होता?

खांदेपालट
मुदतीचे आजच विचारतो. मित्राच्या वडिलांचा फोन आला होता. खर्चाचा काही भाग उचलायला ते तयार आहेत, पण “दावा” हा शब्द कागदावर नको म्हणतात.

अर्धविराम
काही भाग म्हणजे किती, हे कागदावर आल्याशिवाय होकार देऊ नका. आणि कागदावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा, कारण “उरलेले मागणार नाही” अशी एक ओळ त्यात असू शकते.