‘जरा’, ‘फक्त’, ‘सॉरी’: निरोपातून काय काढावं, काय ठेवावं?

निळी शाई:
वरिष्ठ सहकाऱ्यांना पाठवायचा हा निरोप बघा.

“सॉरी सर, त्रास देतेय. फक्त एवढंच विचारायचं होतं की कदाचित जमलं तर अहवालाचा मसुदा जरा या आठवड्यात पाठवता आला तर बरं होईल.”

यातलं अवघडलेपण घालवायचं आहे. पण सर वयानं मोठे आहेत, उद्धटही वाटायला नको. कुठले शब्द काढू?

थेटपणे:
सगळे. “सर, अहवालाचा मसुदा बुधवारपर्यंत पाठवा.” वार सांगितला नाही तर निरोप कितीही गोड असला तरी काम मागे पडतं.

उंबरठा:
‘सॉरी’ला आपल्याकडे ‘क्षमस्व’ हा सुंदर शब्द असताना इंग्रजी कशाला?

निळी शाई:
प्रश्न भाषेचा नाही हो, माफी मागावी की नाही याचा आहे. ‘क्षमस्व’ लिहिलं तर ती माफी आणखीच जड होईल.

कानामात्रा:
वाराबद्दल ‘थेटपणे’ यांचं बरोबर आहे, पण ‘पाठवा’ इथे खटकतं. ते आदरार्थी असलं तरी आज्ञाच आहे. आपण बोलताना त्या आज्ञेवर ‘जरा’ची शाल पांघरतो. शाल काढली की आज्ञा उघडी पडते. म्हणून ‘जरा’ काढायचा असेल तर क्रियापदही बदलावं लागतं: ‘पाठवाल का?’ मग मान क्रियापदातच राहतो, वेगळा शब्द लागत नाही.

बाकीच्यांचं पाहू. ‘सॉरी’ला इथे कारण नाही, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. ‘फक्त एवढंच’ म्हणताना तुम्ही स्वतःच काम किरकोळ ठरवता, मग सरही तसंच धरून चालतील. ‘कदाचित’, ‘जमलं तर’, ‘आला तर बरं होईल’ हे तिन्ही एकच सांगतात: नाही पाठवलं तरी चालेल. तुम्हाला तर ते चालणार नाही. मी असं लिहीन:

“नमस्कार सर, अहवालाचा मसुदा बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठवाल का? गुरुवारी तो छपाईला जायचा आहे, त्याआधी मला एकदा वाचायचा आहे.”

दुसरं वाक्य गाळू नका. ‘जरा’नं जो मऊपणा येत होता, तो आता या कारणामुळे येतो. शिवाय घाई तुमच्या हट्टापायी नाही, छपाईमुळे आहे, हेही सरांना कळतं.

थेटपणे:
‘पाठवाल का’ मान्य. पण ‘जरा’ दर वेळी मऊच करतो असं नाही. “जरा लवकर पाठवा” यात मला टोमणा ऐकू येतो, मागच्या वेळी उशीर केलात असा.

कानामात्रा:
खरं आहे. “जरा बघून चाला” हे तर रागावूनच म्हणतात. बोलताना आवाजावरून कळतं, लेखी निरोपात ती सोय नसते. “जरा मसुदा पाठवाल का” हे ठीक वाटतं, पण तोच ‘जरा’ ‘लवकर’ला चिकटला की बोचतो. लेखी निरोपात तो टाळावा हे बरं.

पानवेल:
माझी अडचण उलटी आहे. मी भाषांतरं करते. काम कधी मिळेल असं विचारतात तेव्हा मला खरंच माहीत नसतं. ‘कदाचित’ काढला तर ते खोटं आश्वासन होईल ना?

कानामात्रा:
मग काढू नका. जिथे शंका खरी आहे तिथे तो शब्द हवाच, पण शंका कशावर अवलंबून आहे तेही सांगा. “शेवटचं प्रकरण आज हाती आलं तर शुक्रवारी देते, नाहीतर सोमवारी.” यात ‘कदाचित’ नाही, तरी अनिश्चितता पूर्ण आहे, आणि समोरच्याला आपलं काम आखता येतं. शक्यता दाट असेल तर ‘बहुतेक’ लिहा. ‘कदाचित शुक्रवारी’ वाचणारा शुक्रवार धरून चालत नाही, ‘बहुतेक शुक्रवारी’ वाचणारा धरतो.

पानवेल:
आणि उशीर झालाच तर?

कानामात्रा:
तेव्हा माफी मागायचीच, एकदा आणि नेमकी: “काल द्यायचं होतं, दिलं नाही, माफ करा. आज रात्रीपर्यंत देते.” दर निरोपाची सुरुवात ‘सॉरी’नं होत असेल तर या माफीला वजन उरत नाही.

निळी शाई:
एक शंका. ‘पाठवाल का’ला ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं. मसुदा तर हवाच आहे.

थेटपणे:
म्हणून तर मी ‘पाठवा’ म्हणत होतो.

कानामात्रा:
“मसुदा कधीपर्यंत पाठवाल?” असं विचारता येईल. यात पाठवणं गृहीत आहे, वेळ मात्र त्यांनी ठरवायची.

पानवेल:
माझ्या कानाला तो तगादा वाटतो. पहिल्याच निरोपात तरी नको.

कानामात्रा:
मला तसं वाटत नाही, पण घराघरातली बोलण्याची रीत वेगळी असते. सरांचा स्वभाव तुम्हालाच ठाऊक.

निळी शाई:
आज ‘पाठवाल का’ आणि छपाईचं कारण, एवढं पाठवते. बुधवारी दुपारपर्यंत काही आलं नाही तर ‘कधीपर्यंत’ विचारेन.