मदत हवी आहे: बचत वजा केली तरी रक्कम जुळत नाही, ५४७ रुपये कुठे गेले?

ऋतुगंध
मावशीसाठी प्रिंटर आणि शाईचं एक काडतूस मागवते आहे. कार्ड माझं, पैसे मावशी देणार, म्हणून तिला नेमका आकडा सांगायचाय. ऑर्डर अजून केलेली नाही. स्क्रीनशॉटमधला मजकूर जसाच्या तसा उतरवते:

```
छापील किंमत, २ वस्तू    १६,१९८.००
किमतीवरील सूट          −४,४९९.००
कूपन                    −७५०.००
बँक ऑफर             −१,०९४.९०
प्लॅटफॉर्म शुल्क             ४९.००
भरायची रक्कम          ९,९०३.१०
एकूण बचत             ६,८९०.९०
```

सुटीनंतर प्रिंटर १०,४९९ ला आणि काडतूस १,२०० ला पडतंय. कूपनवर ८ टक्के लिहिलंय, बँकेचे १० टक्के, आणि खाली बारीक अक्षरात ‘५ टक्के कॅशबॅक, ५४७ रुपये मिळतील’.

छापील किमतीतून एकूण बचत वजा करून ४९ मिळवले तर ९,३५६.१० येतात. स्क्रीनवर मात्र ९,९०३.१० मागताहेत. तीनदा करून पाहिलं, दर वेळी ५४७ चाच फरक. आणि ८ टक्क्यांचे ७५० कसे होतात?

साधामाणूस
टक्क्यांची सरळ बेरीज करून २३ धरायचे नसतात, सगळ्यांची चूक तिथेच होते. आधी ८ टक्के, उरलेल्यावर १०, मग त्यावर ५. म्हणजे ११,६९९ ला ०.९२, ०.९० आणि ०.९५ ने गुणा. ९,२०२ च्या आसपास येतात. त्याहून जास्त मागत असतील तर ग्राहक सेवेला फोन लावा.

निळीशाई
साधामाणूस, एकामागून एक लावायचे हे बरोबर. पण गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा प्रत्येक टक्का पूर्ण उरलेल्या रकमेवर लागतो आणि कशालाच वरची मर्यादा नसते. इथे दोन्ही गोष्टी नाहीत.

ऋतुगंध, आधी ५४७ चं. बचतीच्या ओळीत काय काय धरलंय ते बघा. ४,४९९ अधिक ७५० अधिक १,०९४.९० म्हणजे ६,३४३.९०. त्यात ५४७ मिळवले की बरोबर ६,८९०.९०. म्हणजे जो कॅशबॅक अजून मिळालेलाच नाही, तोही त्यांनी बचतीत मोजला. तो आज कार्डावरून कापल्या जाणाऱ्या रकमेतून वजा होत नाही, नंतर जमा होतो. त्यामुळे हिशोब बचतीच्या ओळीवरून कधीच करू नका. वरून एकेक ओळ घेत खाली यायचं आणि ‘भरायची रक्कम’ला थांबायचं.

आता कूपन. ७५० ला ८ टक्क्यांनी भागलं तर ९,३७५ येतात. तुमच्या कार्टमध्ये तशी कुठलीच रक्कम नाही. अशी गोल रक्कम दिसली की बहुधा मर्यादा लागलेली असते. प्रिंटरचे ८ टक्के ८३९.९२ होतात, म्हणजे ‘जास्तीत जास्त ७५०’ अशी अट असणार. कूपनच्या नावावर टिचकी मारली की दिसेल.

बँकेचं उलट. १,०९४.९० ला १० टक्क्यांनी भागा, १०,९४९ येतात. हे म्हणजे ११,६९९ वजा ७५०. यावरून कळतं की बँकेची सूट कूपननंतरच्या रकमेवर लागली, मर्यादेला अडली नाही आणि त्यात ४९ चं शुल्क धरलेलं नाही. ते धरलं असतं तर सूट १,०९९.८० दिसली असती. सुटीच्या आकड्याला असं उलटं भागून पाहायची सवय लावली की सूट कशावर लागली ते कुणाला विचारावं लागत नाही.

ऋतुगंध
अटी उघडून बघितल्या. कूपन फक्त प्रिंटरवर, जास्तीत जास्त ७५०. अगदी तसंच आहे! बँकेच्या ऑफरला ‘किमान १०,०००, जास्तीत जास्त १,२५० सूट’ लिहिलंय.

पण आता दुसरंच दिसलं. माझ्या वॉलेटमध्ये गिफ्ट कार्डांचे १,००० आहेत. त्या चौकटीत खूण केली की भरायची रक्कम ९,९९८ होते. हजार रुपये वापरून वाढली!

निळीशाई
खूण केल्यावर बँक ऑफरची ओळ गायब झाली असेल, बघा. १०,९४९ मधून हजार गेले की कार्डाच्या वाट्याला ९,९४९ उरतात, १०,००० च्या खाली. शुल्क मिळवूनही ९,९९८ च. अट मोडली, १,०९४.९० गेले. म्हणजे हजार खर्चून वर ९४.९० जास्त द्यायचे.

काठावरचा
मग दोन ऑर्डरी करायच्या ना! काडतूस वॉलेटमधून, प्रिंटर कार्डावर.

निळीशाई
एरवी हा मार्ग चांगला, पण इथे फसतो. एकटा प्रिंटर कूपननंतर ९,७४९ चा होतो. तोही १०,००० च्या खाली. काडतूस सोबत आहे म्हणूनच बँकेची सूट टिकून आहे.

ऋतुगंध, हे हजार एकाच कार्डाचे की दोन?

ऋतुगंध
५०० ची दोन. आणि हो, ओळ खरंच गायब झाली आहे.

निळीशाई
ॲप एकच कार्ड निवडू देत असेल तर १०,४४९ उरतील, अट टिकेल. सूट १,०४४.९० होईल आणि भरायचे ९,४५३.१०. पण ५०० वापरून तुमचे भरायचे पैसे ४५० नेच कमी झाले, हे लक्षात घ्या. मुदत जवळ नसेल तर बँक ऑफर नसलेल्या खरेदीसाठी ठेवा, तिथे पूर्ण ५०० चे ५०० वळतील.

चाफेकळी
जरा वेगळं सांगते. मी अशीच दोन वस्तूंची ऑर्डर केली आणि एक परत केली, तर स्क्रीनवरच्या किमतीपेक्षा कमी पैसे आले. फसवलं असंच वाटलं होतं. बँकेची सूट दोन्ही वस्तूंवर वाटून टाकलेली असते म्हणे. तुमचं काडतूस परत केलंत तर १,२०० नाही, १,०८० येतील.

निळीशाई
वाटणी तशीच होते. पण काडतूस परत गेल्यावर उरलेली ऑर्डर १०,००० च्या खाली येते, तेव्हा प्रिंटरवरची सूटही परत घेतात का, हे त्या ऑफरच्या अटींवर आहे. काडतूस बरोबर बसेल याची आधीच खात्री करा. बिलात वस्तूनिहाय सूट दिसते, ते बिल उतरवून ठेवा.

साधामाणूस
मर्यादेचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण कॅशबॅक ५४७ कसा? ९,९०३.१० चे ५ टक्के तर ४९५ होतात.

निळीशाई
चांगलं पकडलंत. १०,९४९ चे ५ टक्के ५४७.४५. म्हणजे स्क्रीनवर दाखवलेला कॅशबॅक बँकेची सूट वजा करण्याआधीच्या रकमेवरचा आहे. कार्डाचा कॅशबॅक असेल तर तो सहसा प्रत्यक्ष कापलेल्या रकमेवर धरतात, मग ४९५ च यायला हवा. दुकानाच्या वॉलेटमध्ये येणार असेल तर ५४७ ही येऊ शकतो. कुठे जमा होणार लिहिलंय का?

ऋतुगंध
फक्त ‘९० दिवसांच्या आत’ एवढंच आहे. कुठे ते नाही.

वॉलेटची खूण काढून ऑर्डर केली. ९,९०३.१० कापल्याचा संदेश आला. मावशीला तेवढेच सांगितले आणि कॅशबॅक आला की परत करेन म्हटलं, तर ती म्हणते तो तूच ठेव. कार्डाच्या विवरणात ४९५ येतात की ५४७, ते आल्यावर इथेच लिहीन.

काठावरचा
नक्की लिहा. माझ्याही कार्टमध्ये अशाच अटीची ऑफर आहे, मी थांबतो तोवर.