नागपूरवर पण राजधानीचा तारा काढायचा का?

रंकाळाकाठ: शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवून घेतोय. पेंटर विचारतोय, राजधानीचा तारा एकट्या मुंबईवर काढू की नागपूरवर पण? आणि खाली ओळ काय लिहायची?

पेठेतला: दोन काढा बिनधास्त. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार वाचा, सरकार ठराविक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि वर्षातनं एक तरी अधिवेशन तिथं होईल असं आहे. नुसतं अधिवेशन नाही, सरकार हलेल म्हटलंय. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती, ती सोडून आलेत ते लोक.

तिकटीवरचा: करारात आहे, पण हलतं काय ते बघा की. डिसेंबरात आठवडा-दोन आठवडे मंत्री, सचिव जातात, मुख्यमंत्री रामगिरीवर राहतात आणि अधिवेशन संपलं की सगळे परत. सरकार हलणं म्हणजे जम्मू-काश्मीरचा दरबार, तिथं फायली ट्रकात भरून सचिवालयच सहा महिने जम्मूला, सहा महिने श्रीनगरला. ते पण २०२१ ला बंद केलं न् २०२५ ला परत चालू, म्हणजे तिथलं लिहिताना साल टाकल्याशिवाय वाक्य खरं होत नाही.

खासबाग: मग हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय की २०२५ ला, कोल्हापूरवर पण मारा एक तारा 😄

तिकटीवरचा: कोर्टाचा आणि राजधानीचा काय संबंध राव.

फाईलग्रस्त: मी तर अनुभवानं सांगतो, एका डिसेंबरात रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली, मंत्रालयात गेलो तर सही करणारे साहेब नागपूरला. माझ्यापुरती त्या दिवशी राजधानी नागपूरच.

तिकटीवरचा: अर्ज कुठं घेतला?

फाईलग्रस्त: तिथंच, मुंबईत. शिक्का मारून पोच दिली.

तिकटीवरचा: मग झालं तर. कचेरी चालू होती, साहेब दौऱ्यावर होते. घटनेच्या कलम १७४ नं राज्यपाल सभागृह कुठं बोलवायचं ते ठरवतात, म्हणून तर २०१८ ला पावसाळी अधिवेशन नागपूरला भरलं आणि कोरोनात हिवाळी मुंबईत. आपल्या शेजारी बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधून २०१२ पासनं उभंय, म्हणून कर्नाटकची राजधानी बेळगाव म्हणतो का कोण? ओळ अशी लिहा, ‘राजधानी मुंबई. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारणपणे नागपूरला भरतं.’

पेठेतला: आणि उपराजधानी? पेपरात रोज छापतात तो शब्द. शिवाय करार पाळला नाही म्हणून करारच खोटा का? विदर्भातला माणूस तुमची ओळ वाचून चिडणार बघा.

तिकटीवरचा: उपराजधानी लिहा की, लोक म्हणतातच. फक्त ‘सरकार हिवाळ्यात नागपूरला असतं’ असं लिहू नका, पोरं चार महिने समजतील.

रंकाळाकाठ: तुमचं होईपर्यंत पेंटरनं नागपूरवर तारा काढला पण. आता आतनं पोकळ करायला सांगतो.

पेठेतला: पोकळ म्हणजे अगदी करारासारखाच 🙏