मदत हवी आहे: ६ दिवसांचं बाळ दूध प्यायला उठतच नाही, कावीळ आहे, वजनही उतरलंय

सांगलीची_लेक
नमस्कार, माझी मुलगी आज ६ दिवसांची आहे. सिझर झालं, ३६ आठवडे ४ दिवस भरले होते, जन्माचं वजन २ किलो ५४०. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २ किलो ३३० भरलं. काल दाखवायला नेलं तर पोटापर्यंत पिवळेपणा दिसला म्हणून रक्त घेतलं, बिलिरुबिन १३.८ आलं. डॉक्टर म्हणाले लाईटखाली ठेवायची वेळ अजून नाही, उद्या परत तपासू, तोपर्यंत दर दोन-अडीच तासांनी पाजत राहा. पण इथेच सगळं अडलंय, ती उठतच नाही. तळपायाला टिचक्या मारल्या, कानाची पाळी चोळली, तोंड वाकडं करते आणि परत झोपते. कसंबसं छातीशी लावलं की दोन मिनिटं ओढते आणि मग तसंच तोंडात धरून झोपून जाते, तास तास तशीच, काढून घेतलं तरी कळत नाही तिला. काल रात्री सलग ५ तास झोपली. आई म्हणते झोपलेल्या लेकराला उठवू नये, भूक लागली की रडेल, आणि सासूबाई फोनवर सांगतायत उन्हात ठेव. कालपासून लंगोट ३ ओले झालेत, शी एकदाच, ती पण अजून हिरवट काळी. उठवायचं नक्की कसं आणि प्यायली हे ओळखायचं कसं, कोणीतरी नीट सांगा प्लीज.

कोकणकडा७८
अगं घाबरू नकोस, माझ्या दोन्ही मुलांना कावीळ होती. रोज सकाळी कोवळ्या उन्हात वीस मिनिटं उघडं ठेवायचं, आपोआप उतरते. आणि मधूनमधून चमचाभर ग्लुकोजचं पाणी दे म्हणजे कावीळ लघवीवाटे निघून जाईल. पाजत राहायचं मात्र बरोबर सांगितलंय डॉक्टरांनी, जितकं जास्त पाजशील तितकं बरं.

वॉर्डातली_ताई
मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एक सांग, ती उठल्यावर जोरात रडते का, हातपाय ताठ धरते की कापडासारखी ढिली पडते? अंग गरम किंवा गार लागतंय का? तळहात-तळपाय पिवळे दिसतायत का? ढिली पडत असेल, काही केल्या उठतच नसेल, रडणं बारीक किंचाळल्यासारखं येत असेल, पाठीची कमान करत असेल किंवा ताप असेल तर हे वाचत बसू नकोस, रात्र असली तरी दवाखान्यात जा. आणि यातलं काही नसलं तरी आजच डॉक्टरांना फोन करून लंगोटांचं सांग. सहाव्या दिवशी निदान ६ ओले लंगोट आणि ३-४ वेळा पिवळी पातळसर शी हवी. तुझे ३ ओले आणि शी अजून काळी, म्हणजे दूध पोटात कमी जातंय. उद्याची वाट बघायची नाही.

आता उन्हाचं आणि पाण्याचं. कावीळ मुख्यतः शीवाटे बाहेर पडते, लघवीवाटे अगदी थोडी. शी झाली नाही की तीच कावीळ आतड्यातून परत रक्तात शोषली जाते. म्हणजे दूध कमी, म्हणून शी कमी, म्हणून कावीळ जास्त, म्हणून बाळ आणखी झोपाळू, आणि झोपाळू म्हणून दूध आणखी कमी. पाणी किंवा ग्लुकोज दिलं तर इवलंसं पोट पाण्यानेच भरतं आणि दूध राहून जातं, म्हणून ते अजिबात नको. उन्हाने लाईटचं काम होत नाही, आणि उघडं ठेवलं की एवढंसं बाळ गार पडतं, गार पडलेलं बाळ अंग ऊब धरण्यातच वजन खर्च करतं आणि ओढायला ताकद उरत नाही.

तुझ्या आईचं म्हणणं पूर्ण दिवस भरलेल्या, वजन वाढत असलेल्या बाळाला लागू पडतं. ३६ आठवड्यांचं बाळ दिसायला पूर्ण असतं पण भूक लागली की स्वतः जागं होण्याइतकं तयार झालेलं नसतं. ते रडत नाही म्हणजे त्याचं पोट भरलंय असं नाही.

उठवण्याचं म्हणशील तर गाढ झोपेत टिचक्या मारून उपयोग नाही, तुझी आणि तिची दोघींची दमछाक. मागचं पाजणं जेव्हा सुरू केलंस तिथून दोन तास झाले की तिच्याकडे बघत बसायचं. पापण्यांखाली बुबुळं हलायला लागली, ओठ चोखल्यासारखे झाले, हात तोंडाकडे गेला की झोप हलकी झाली समज, तेव्हा उचल. दुपट्यात घट्ट गुंडाळलेली असेल आणि हातमोजे घातलेले असतील तर या खुणा दिसतच नाहीत, म्हणून हात मोकळे ठेव. उचलल्यावर लंगोट बदल, अंगावरचं झबलं काढ आणि फक्त लंगोटावर तुझ्या उघड्या छातीवर ठेवून तिच्या पाठीवरून पांघरूण घे. पंधरा-वीस मिनिटं अशी ठेवलीस तर बरीच बाळं आपणहून तोंड मारायला लागतात. खोलीतला मोठा दिवा बंद कर, डोळ्यावर उजेड आला की ती डोळे मिटूनच घेतात. तोंडावर पाणी शिंपडणं, गार फडकं लावणं वगैरे नको. आणि हलकी झोप आली नाही म्हणून थांबायचंही नाही, सुरुवातीपासून तीन तास झाले की काहीही झालं तरी उठवायचं, रात्री सुद्धा.

नवी_आई_ठाणे
माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे, तो रात्री ७ तास झोपतो, वजन ७ किलो आहे, मग मी पण उठवायला पाहिजे का? हे वाचून टेन्शन आलं.

रात्रपाळीचा_बाबा
@नवी_आई_ठाणे नाही हो, तुमचं वेगळं आहे, हे पहिल्या काही आठवड्यांचं आणि वजन न वाढणाऱ्या बाळाचं चाललंय. तुमच्या बाळाचं वजन छान वाढतंय, झोपू दे त्याला.

@सांगलीची_लेक आमचा मुलगा ३५ आठवड्यांचा होता. आमची चूल अशी मांडली होती की बायकोने छातीशी घ्यायचं आणि तेवढ्या वेळात मी घड्याळ आणि वही सांभाळायची, नंतर वरचं दूध मी पाजायचं आणि ती लगेच झोपायची. एकटीने सगळं करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी तुम्हीच आजारी पडाल. तुमच्या आईला यात घ्या, पाजणं सोडून बाकी सगळं त्या करू शकतात. आम्ही बाटलीने दिलं वरचं दूध, काही बिघडलं नाही, नंतर छातीशी पण प्यायला.

वॉर्डातली_ताई
बाटलीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे पण आधी प्यायली हे ओळखायचं कसं ते राहिलंय. मिनिटं मोजू नकोस, गिळणं बघ. सुरुवातीला भराभर चोखते, मग दूध उतरलं की हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते आणि घशातून हलकासा 'क्‌' असा आवाज येतो. एक-दोन चोखण्यांमागे एक गिळणं असेल तर ती पितेय. नुसते ओठ थरथरतायत आणि हनुवटी हलत नाही तर ती झोपलीय, मग तो तास जमेस धरायचा नाही. गिळणं थांबलं की पूर्ण हाताने स्तन हळूच दाबून धर, दुखेल इतका नाही, दुधाची धार तोंडात गेली की ती परत ओढायला लागते. ओढणं थांबलं की सोड, परत थांबली की परत दाब. त्यानेही होईना तर काढून ढेकर काढ, दुसऱ्या बाजूला घे. दोन्ही बाजू मिळून अर्धा तास, त्यापुढे ताणायचं नाही, कारण पुढे ती दमते आणि मिळालेलं दूध त्यातच खर्च होतं.

मग उरलेलं काढलेलं दूध द्यायचं, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, बाळाला अर्धवट बसतं धरून, थेंब थेंब, तिने गिळलं की पुढचं. झोपेत ओतायचं नाही, ठसका लागतो. किती द्यायचं हे डॉक्टर वजनावरून ठरवतील. पाजून झाल्यावर दर वेळी दूध हाताने किंवा पंपाने काढ, कारण बाळ नीट ओढत नसेल तर अंगावरचं दूधच कमी व्हायला लागतं. बाटली मी लगेच सुचवत नाही, आधीच कमी ताकदीच्या बाळाला सोप्या धारेची सवय लागते असं मी खूपदा पाहिलंय, पण रात्री तीनला माणूस दमलेला असताना बोंडलं जमत नसेल तर बाटलीने दे, उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक, मालिश-न्हाणं करायला बाई येते का? तेल, गरम पाणी आणि शेक झाला की बाळं तीन-चार तास ढिम्म झोपतात आणि त्यात एक पाजणं हमखास चुकतं. वजन वाढेपर्यंत नुसतं अंग पुसलं तरी चालेल. धुरी मात्र अजिबात नको, आणि गुटी-मधही नको. कपडे डांबरगोळ्यांच्या पेटीतले असतील तर तेही वापरू नकोस, काही बाळांत जन्मजात दोष असतो त्यांची कावीळ त्या वासाने वाढते.

सांगलीची_लेक
ताई खूप आभार. ढिली नाहीये, उठली की जोरात रडते, ताप नाही. तुम्ही सांगितलं म्हणून तेव्हाच फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. वजन २ किलो ३१० आणि बिलिरुबिन १४.६ आलं, वाढलंय पण तिच्या वयाच्या आणि आठवड्यांच्या तक्त्यात अजून लाईटच्या रेषेखाली आहे म्हणाले. जन्माच्या वजनातून २३० ग्रॅम गेलेत म्हणजे ९ टक्के. दर वेळी छातीशी लावून झाल्यावर काढलेलं दूध २० मिली द्यायला सांगितलंय, माझं पुरलं नाही तर पावडरचं. हनुवटीचं बघितलं, खरंच पाच-सहा वेळाच गिळते आणि मग नुसती थरथर. दाबून धरल्यावर परत ओढायला लागली!! बाईला आठवडाभर येऊ नको सांगितलं, आई जरा रुसलीय, पण रात्रीचा दोनचा गजर तिनेच स्वतःच्या फोनवर लावलाय.

कोकणकडा७८
ग्लुकोजचं मला असं माहीत नव्हतं, आमच्या वेळी दवाखान्यातच सांगायचे. पण ऊन बाळाच्या हाडांना तर चांगलं असतं ना?

वॉर्डातली_ताई
हाडांसाठी डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात ताई, तेवढ्याने भागतं. लेकी, आता त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करत जा, वेगवेगळ्या काट्यांवर ५०-१०० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि उगाच जीव वरखाली होतो.

सांगलीची_लेक
अपडेट: आज ९ वा दिवस. त्याच काट्यावर २ किलो ३८०, म्हणजे ३ दिवसांत ७० ग्रॅम वाढली. शी पिवळी झाली परवापासून, काल ४ वेळा, ओले ७. बिलिरुबिन १२.९ वर आलं. दिवसा आता दोनदा तरी आपणहून उठते. आता एवढं सांगा, रात्री उठवणं कधी थांबवायचं? अजून १६० ग्रॅम कमीच आहे जन्माच्या वजनाला.

रात्रपाळीचा_बाबा
आम्हाला ३ किलो होईपर्यंत उठवायला सांगितलं होतं.

वॉर्डातली_ताई
आमच्याकडे जन्माचं वजन ओलांडलं आणि त्यानंतर रोज २०-३० ग्रॅम वाढतंय असं दोनदा दिसलं की रात्री एक ४ तासांची झोप घेऊ देतात, प्रत्येक डॉक्टरचं थोडं वेगळं असतं, तुझ्या डॉक्टरांना विचार. ३६ आठवड्यांची बाळं बहुतेक मूळ तारखेच्या आसपास खऱ्या अर्थाने जागी होतात. तोवर गजर असू दे. आणि दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, किंवा शी कधी पांढुरकी, मातकट दिसली तर फोटो काढून त्याच दिवशी दाखव, त्याची तपासणी वेगळी असते.