शब्दचर्चा : ‘सर्किट ब्रेकर बंद आहे’ म्हणजे पोस्ट जात आहेत की थांबल्या आहेत?

शाहूपुरीकर : आमच्या वृत्तसंकेतस्थळाच्या बातम्या समाजमाध्यमांवर आपोआप जातात. समोरच्या माध्यमाकडून लागोपाठ त्रुटी आल्या, की प्रकाशन काही काळ थांबवणारी ‘सर्किट ब्रेकर’ नावाची सोय आता त्या यंत्रणेत बसवली आहे. तिची मराठी माहितीपुस्तिका लिहिताना मी अडले आहे. पडद्यावर `CLOSED` दिसते तेव्हा पोस्ट सुरळीत जात असतात आणि `OPEN` दिसते तेव्हा त्या थांबलेल्या असतात. मी ‘बंद’ आणि ‘उघडा’ असे लिहिले, तर रात्रपाळीच्या उपसंपादकाने नेमका उलटा अर्थ घेतला. येथे कोणते शब्द योग्य ठरतील?

गुजरीकर : शेअर बाजारात ‘सर्किट लागले’ असे सर्रास म्हणतात. निर्देशांक 10, 15 किंवा 20 टक्के हलला की व्यवहार थांबतात. आपणही ‘पोस्टला सर्किट लागले’ असे लिहावे.

उद्यमनगरकर : गुजरीकर, तेथे भावाची हालचाल मोजतात आणि येथे अपयश मोजायचे आहे, त्यामुळे तो वाक्प्रचार वाचकाला भलतीकडे नेईल.

शिरोलीकर : मी वीजजोडणीची कामे घेतो. मंडल, म्हणजे सर्किट, जुळून बंद असेल तरच प्रवाह वाहतो, म्हणून ‘बंद’ हा शब्द शास्त्राला धरूनच आहे. कामगार मात्र ‘ब्रेकर पडला’ आणि ‘ब्रेकर उचला’ असेच म्हणतात. तेच शब्द घ्यावेत. भार जास्त झाला की ब्रेकर पडतो आणि माणसाने उचलल्याशिवाय तो उठत नाही, एवढे लिहिले की पुरे.

उद्यमनगरकर : ‘पडला’ हा शब्द मला पसंत आहे, पण पुढचे वाक्य येथे अर्धेच लागू पडते. हा ब्रेकर आपल्या भारामुळे नव्हे, तर समोरच्याच्या बिघाडामुळे पडतो आणि ठरलेल्या वेळाने स्वतःच चाचपणी करतो.

पुराच्या दिवसांतले उदाहरण घेऊ. दर मिनिटाला एक पोस्ट रांगेत येते आणि न गेलेली प्रत्येक पोस्ट तीस सेकंदांनी पुन्हा पाठवली जाते. माध्यम चाळीस मिनिटे ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ अशा अर्थाचे `503` देत राहिले, तर शेवटी चाळीस पोस्ट तुंबलेल्या असतात आणि मिनिटाला ऐंशी प्रयत्न वाया जात असतात. माध्यम सुरू होताच त्या सगळ्या एकदम धावतात, मग ‘फार विनंत्या आल्या’ अशा अर्थाचे `429` येऊ लागते आणि मूळ बिघाड संपूनही आपले प्रकाशन अडलेलेच राहते. ब्रेकर असेल तर पाच अपयशे सलग आल्यावर तो पडतो, दहा मिनिटे काहीही पाठवत नाही आणि नंतर एकच पोस्ट पाठवून पाहतो. ती गेली तरच रांग सुटते, आणि तीही एकदम न सोडता ठरावीक अंतराने सोडावी लागते.

मोजताना मात्र निवड हवी. `400` म्हणजे सहसा आपल्याच पोस्टमध्ये दोष असतो, त्यामुळे ते अपयश ब्रेकरच्या हिशेबात धरू नये. नाहीतर एका सदोष पोस्टचे वारंवार होणारे प्रयत्नच ब्रेकर पाडू शकतील, आणि तीच पोस्ट चाचणीला निघाली तर तो कधीच उठणार नाही. `401` आले तर प्रवेशपरवाना तपासावा लागतो. ते काम वाट पाहून होत नाही, तेथे माणूसच लागतो.

शिरोलीकर : मग हा घरातला ब्रेकर नव्हे, वीजवाहिनीवरचा ऑटो रिक्लोजर झाला. फांदी तारेला लागून बाजूला झाली की तो आपोआप जोडतो, आणि ठरावीक प्रयत्नांनंतरही दोष राहिला तर कायमचा तोडून माणसाची वाट पाहतो. एकच पोस्ट पाठवून पाहण्याच्या `HALF_OPEN` या अवस्थेला सरळ ‘चाचणी’ म्हणा. ‘अर्धवट उघडा’ असे वाचून कोणाला काय कळणार?

शाहूपुरीकर : ‘जोडलेला’, ‘तोडलेला’ आणि ‘चाचणी’ हे तीन शब्द पुस्तिकेत घेते; ‘बंद’ काढून टाकते. ‘तुंबलेल्या पोस्ट’ याविषयी मात्र शंका आहे. समजा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी सकाळी आठला 38 फूट 6 इंच होती आणि माध्यम सुरू होईपर्यंत ती 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून गेली. आठची पोस्ट तेव्हा बाहेर पडली, तर वाचक निर्धास्त राहतील.

उद्यमनगरकर : ब्रेकर फक्त पाठवणे थांबवतो, रांगेत येणे थांबवत नाही. म्हणून प्रत्येक पोस्टला मुदत द्यावी आणि ती उलटली की पोस्ट रांगेतून काढावी. पाणीपातळीसाठी मी पंधरा मिनिटे ठेवीन. रस्ता बंद असल्याची पोस्ट मात्र रस्ता खुला होईपर्यंत खरीच असते.

गुजरीकर : काढून टाकण्यापेक्षा ‘सकाळी 8 ची पातळी’ असे ठळक लिहून जाऊ द्यावी. नोंद राहते.

शाहूपुरीकर : नोंद संकेतस्थळावर राहतेच. पण वाचक आकडा आधी पाहतात, वेळ नंतर. ‘मुदत उलटलेली’ आणि ‘रद्द केलेली’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या की एकच, हे संपादकांना विचारून कळवते.